‘आम्हाला आमचं दुःख करू द्या’: मृत्यूनंतरच्या कौटुंबिक निवेदनाची ताकद किती?

२४ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री दुबईतल्या एका हॉटेलात श्रीदेवी गेली. वय ५४. बोनी कपूर यांच्या भाच्याचं लग्न होतं आणि त्यासाठी कुटुंब अमिरातीत गेलं होतं. सकाळ होईपर्यंत लोखंडवाल्यातल्या तिच्या घराबाहेर चाहते आणि कॅमेरे जमले. पण तिच्यावर अंत्यसंस्कार झाले २८ तारखेला. मधल्या या दिवसांत आणि त्यानंतर लगेच कुटुंबाकडून काही छोटी निवेदनं आली. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार, आम्हाला एकांत द्यावा’ अशा धर्तीचा मजकूर आपण इतक्या वेळा वाचलेला असतो, की तो औपचारिकता म्हणून सोडून देतो. श्रीदेवीच्या वेळची निवेदनं मात्र एकामागून एक वाचावीत. अशा निवेदनाने काय साधतं, काय साधत नाही आणि ते कुठे तोकडं पडतं, हे त्यांत स्पष्ट दिसतं.

पहिलं निवेदन आलं २५ तारखेला. बोनी कपूर, दोन मुली आणि कपूर, अय्यप्पन व मारवाह ही तिन्ही कुटुंबं शोकात आहेत, माध्यमांनी दाखवलेल्या संवेदनशीलतेबद्दल आभार, असा त्याचा आशय होता. पार्थिव २६ तारखेला मुंबईत पोहोचेल, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती.

यातले आभार नीट पाहायला हवेत. माध्यमांनी संवेदनशीलता दाखवली म्हणून ते मानलेले नव्हते. तेव्हा तर दिवस जेमतेम सुरू झाला होता. हे आभार आगाऊ मानलेले असतात. ज्याचे आभार मानले, त्याला लगेच वाईट वागणं थोडं जड जातं. ओळखीतल्या माणसांत हे चालतं, म्हणून कुटुंबं तीच रीत माध्यमांशी वापरतात. वार्ताहर व्यक्ती म्हणून पुष्कळदा ती पाळतोही. पण चोवीस तास चालणारी वाहिनी ही व्यक्ती नसते. तिला पुढच्या अर्ध्या तासात काहीतरी दाखवायचंच असतं, आणि आभार मानल्याने तो अर्धा तास भरत नाही.

तो भरायला त्या दिवशी माहिती नव्हती. सुरुवातीला नातेवाइकांच्या हवाल्याने हृदय बंद पडल्याची बातमी आली. २६ तारखेला दुबई सरकारच्या माध्यम कार्यालयाने ट्वीट केलं, की शवविच्छेदनानंतरच्या निष्कर्षानुसार शुद्ध हरपून बाथटबमध्ये बुडाल्याने मृत्यू झाला. पाठोपाठ दुसरं ट्वीट आलं: प्रकरण सरकारी अभियोग विभागाकडे सोपवलं आहे, तो नेहमीची कायदेशीर कार्यवाही करील. ‘नेहमीची’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. दुबईत रुग्णालयाबाहेर, अचानक मृत्यू झाला की पोलीस, न्यायवैद्यक अहवाल आणि अभियोग विभागाची परवानगी हे टप्पे येतातच. त्यानंतर पार्थिवावर टिकवण्याची प्रक्रिया होते, वकिलातीची कागदपत्रं होतात आणि मग विमान. पण आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे ठाऊक नव्हतं. ‘पार्थिव उद्या येणार’ असं ऐकलेलं, ते आलं नाही, आणि वर प्रकरण अभियोग विभागाकडे गेलं. एवढ्यावर संशयाची इमारत उभी राहिली. स्टुडिओत बाथटबची चित्रं आली, त्यात तिची प्रतिमा बसवली गेली, एका वार्ताहराने तर स्वतः टबमध्ये आडवं होऊन दाखवलं. लोकांना त्याची इतकी किळस आली की ‘न्यूज की मौत’ असा हॅशटॅग चालला.

हे थोडं तरी आवरता आलं असतं का? मला वाटतं, हो. अमिरातीतले तेव्हाचे भारतीय राजदूत नवदीप सूरी यांनी २६ तारखेला एक साधी गोष्ट सांगितली: अशा प्रकरणांत सगळी प्रक्रिया पूर्ण व्हायला दोन ते तीन दिवस लागतात, हा आमचा अनुभव आहे. मृत्यूचं कारण ठरवणं तज्ज्ञांवर सोडू, असंही ते म्हणाले. त्या दिवसांत सर्वांत उपयोगी पडलेलं वाक्य माझ्या मते हेच. हेच वाक्य २५ तारखेच्या पहिल्या निवेदनात असतं, तर २६ तारखेचा उशीर हा ‘उशीर’ ठरलाच नसता. अर्थात, नवरा, दीर, भाऊ, मुली अशा अवस्थेत असताना त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं कठोर आहे. म्हणून तर निवेदन लिहिणारा माणूस कुटुंबाच्या जवळचा, पण दुःखाच्या केंद्रापासून एक पाऊल लांबचा असावा लागतो. त्याने फोन करून विचारायचं असतं: नेमकं काय ठरलंय, काय ठरायचंय, आणि जे ठरायचंय ते कुणाच्या हातात आहे? जे आपल्या हातात नाही त्याची तारीख द्यायची नाही. ‘स्थानिक प्रक्रिया पूर्ण झाल्यावर कळवू’ एवढं पुरतं.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे ऋषी कपूर यांच्या कुटुंबाचं ३० एप्रिल २०२० चं निवेदन. त्याच्या पहिल्याच वाक्यात सगळं आहे: सकाळी ८.४५, रुग्णालयात, शांतपणे, ल्युकेमियाशी दोन वर्षं झुंजल्यानंतर. वेळ, जागा, कारण, आजाराचा काळ. वार्ताहराला जे चार प्रश्न विचारावे लागले असते, त्यांची उत्तरं प्रश्न येण्याआधीच दिली. मग शेवटपर्यंत ते डॉक्टर-परिचारिकांना हसवत होते, असा एक तपशील. तो माणसाची ओळख पटवणारा आहे आणि कुणाच्याही खासगीपणाला धक्का लावत नाही. शेवटी मागणी, तीही ‘एकांत द्या’ अशी मोघम नव्हती. टाळेबंदीचा काळ होता. गर्दी करू नका, लागू असलेले नियम पाळा, त्यांनाही हेच आवडलं असतं, असं कुटुंबाने सांगितलं. चाहत्याला काय करायचं आणि काय टाळायचं, हे कळलं. त्या दिवशी मृत्यूच्या कारणावर चर्चासत्रं रंगली नाहीत, कारण चर्चेला जागाच उरली नव्हती.

अर्थात ही तुलना सरळ नाही. दोन वर्षांच्या आजारानंतरचा मृत्यू आणि परदेशातल्या हॉटेलातला अचानक मृत्यू यांत फार अंतर आहे. पहिल्या बाबतीत कुटुंबाकडे उत्तरं असतात, दुसऱ्या बाबतीत त्यांनाच ती हवी असतात. शिवाय इतकं नेटकं निवेदन असूनही ऋषी कपूर यांचा रुग्णालयातला एक व्हिडिओ मोबाइलवर फिरला आणि रुग्णालयाला चौकशी जाहीर करावी लागली. आतल्याच कुणी फोन काढला, तर बाहेर दिलेलं निवेदन त्याला अडवू शकत नाही.

पुन्हा श्रीदेवीकडे येऊ. २७ तारखेला दुबईच्या अभियोग विभागाने पार्थिव ताब्यात दिलं आणि प्रकरण बंद केलं. त्याच रात्री ते मुंबईत आलं. दुसऱ्या दिवसासाठी कुटुंबाने जे निवेदन काढलं, ते मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. त्यात भावना जवळजवळ नाहीत, नुसतं वेळापत्रक आहे. सकाळी साडेनऊ ते साडेबारा अंत्यदर्शन, लोखंडवाला संकुलातल्या सेलिब्रेशन स्पोर्ट्स क्लबमध्ये. दुपारी दोन वाजता अंत्ययात्रा निघेल. साडेतीनला विलेपार्ले सेवा समाजाच्या स्मशानभूमीत, पवनहंसशेजारी, अंत्यसंस्कार. आणि एक अट: माध्यमांतल्या मंडळींनाही अंत्यदर्शन घेता येईल, पण कॅमेरे आणि रेकॉर्डिंगची साधनं बाहेर ठेवून.

ही अट कशी काम करते, ते पाहा. ‘आमच्या भावनांचा आदर करा’ असं म्हटलं, तर आदर म्हणजे काय हे प्रत्येक संपादक आपापल्या सोयीने ठरवतो. ‘कॅमेरा बाहेर’ याचा अर्थ एकच होतो. ती पाळली जाते की नाही हे दारावर दिसतं, आणि दार कुटुंबाच्या ताब्यात असतं. अशा क्लबात कुणाला कशासह येऊ द्यायचं, हे ठरवायला न्यायालयात जावं लागत नाही. शिवाय माध्यमांना हाकलून दिलेलं नाही. माणूस म्हणून आत या, यंत्र बाहेर ठेवा, असं सांगितलं. चाहत्यांनाही तीन तास दिले. हजारो माणसांना प्रिय व्यक्तीला शेवटचं पाहायचं असतं, आणि ती संधी मिळाली की घराच्या फाटकावरची रेटारेटी कमी होते.

रस्ता मात्र कुणाच्याच ताब्यात नव्हता. लोखंडवाल्यापासून पार्ल्यापर्यंत दुतर्फा माणसं होती, गच्च्यांवर होती, झाडांवरही होती. राज्य शासनाने शासकीय इतमामाचा निर्णय घेतला होता. पार्थिव तिरंग्यात होतं, पोलिसांनी मानवंदना दिली. शासकीय इतमाम म्हटला की तो भाग सार्वजनिक होतोच. एकीकडे मानवंदना आणि दुसरीकडे पूर्ण खासगीपणा, या दोन्ही गोष्टी एकाच तासात मागता येत नाहीत. या निवेदनात तशी मागणी नव्हतीही. सकाळचं सभागृह कॅमेराविना आणि रस्ता सगळ्यांचा, अशी सीमा त्यांनी आखली होती.

अंत्यसंस्कार उरकल्यावर, २८ तारखेलाच, श्रीदेवीच्याच ट्विटर खात्यावर बोनी कपूर यांचं पत्र आलं. खरी ‘आभार आणि एकांत’ची मागणी त्यात आहे. आधी आभार आहेत: कुटुंब, मित्र, सहकारी, असंख्य चाहते. पहिल्या पत्नीपासूनची मुलं अर्जुन आणि अंशुला यांचे आधारस्तंभ म्हणून वेगळे आभार. या एका वाक्याने, कुटुंबातले संबंध कसे आहेत यावर रंगू शकणारी एक मोठी चर्चा थंड केली. मग जगासाठी ती ‘चांदनी’ होती, पण माझ्यासाठी ती मैत्रीण, पत्नी, मुलींची आई होती, अशा आशयाचा भाग येतो. त्याने चाहत्याचं नातं मान्य केलं आणि त्याच वेळी त्या नात्याची हद्दही दाखवली. त्यानंतर विनंती: खासगीत शोक करण्याची आमची गरज समजून घ्या. आणि तिच्याबद्दल बोलायचंच असेल, तर तुम्हाला तिच्याशी जोडणाऱ्या आठवणींबद्दल बोला.

शेवटचा हा भाग कसलेल्या माणसाचा आहे. नुसतं ‘बोलू नका’ म्हटलं तर लोक बोलायचे थांबत नाहीत. ज्या माणसाचे चित्रपट पाहत आपण वाढलो, त्याच्याबद्दल बोलावंसं वाटणारच. त्या बोलण्याला वाट करून दिली, तर ते मृत्यूच्या तपशिलांकडून कामाकडे वळण्याची शक्यता निदान वाढते. पुढे मुलींना सांभाळणं हीच आता माझी चिंता आहे, असंही त्यांनी लिहिलं. त्यामुळे एकांत कुणासाठी हवा, हे वाचणाऱ्याला दिसलं. मुलगी एकवीसची झालेली नाही, धाकटी तर त्याहून लहान, हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या छायाचित्रकारालाही विचार करावा लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कदाचित सहजपणे घडली असेल, पण कायद्याच्या दृष्टीने ती अगदी नेमकी आहे. ‘तिचं खासगीपण जपा’ असं ते म्हणत नाहीत, ‘आमची शोक करण्याची गरज’ असं म्हणतात. का, ते थोडं समजून घेऊ.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलं. पण तो हक्क जिवंत माणसाचा. माणूस गेल्यावर तो जमिनीच्या सातबाऱ्यासारखा वारसांच्या नावावर चढत नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध दावा केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच म्हटलं: खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, वडिलांना तो चालवता येत नाही. मागे राहिलेल्यांचा स्वतःचा हक्क मात्र शाबूत असतो. त्यांच्या घरात डोकावणं, त्यांचे फोन, त्यांची मुलं, त्यांचं रडणं, हे त्यांचं आहे. म्हणून ‘आम्हाला’ या शब्दाच्या मागे थोडा तरी कायदा उभा राहतो, ‘तिला’ या शब्दाच्या मागे तो फारसा नसतो. अपवाद बदनामीचा. मृत व्यक्तीबद्दल केलेलं विधान ती जिवंत असती तर तिची बदनामी करणारं ठरलं असतं आणि ते नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल, तर तो गुन्हा होऊ शकतो. जुन्या भारतीय दंडविधानाच्या ४९९व्या कलमात ही तरतूद होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आहे. पण हेतू सिद्ध करणं सोपं नाही, आणि ते करायला बसायचं कधी, तेराव्याच्या आधी?

मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी, राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावरच्या याचिकांवर निकाल देताना, माध्यमांनी तपास चालू असताना काय टाळावं हे बऱ्याच तपशिलात सांगितलं. आत्महत्येच्या प्रकरणात मृत व्यक्तीला दुबळ्या स्वभावाची म्हणून रंगवू नये, तिच्या खासगीपणात शिरू नये, घटनेची पुनर्रचना करून दाखवू नये, कुटुंबीय आणि साक्षीदारांच्या मुलाखती घेत बसू नये. २०१८ मधला तो स्टुडिओतला बाथटब आठवला, की ‘पुनर्रचना’ हा मुद्दा यादीत असणं किती गरजेचं होतं ते पटतं. तरी हा निकाल तपास चालू असताना त्या तपासाला बाधा येऊ नये या चौकटीत दिलेला आहे. तपासच नसेल, साधा आजारपणाचा मृत्यू असेल, तर कुटुंबाच्या हाती पुन्हा विनंतीच उरते.

दाद मागायची दुसरी जागा म्हणजे वाहिन्यांनीच नेमलेलं स्वनियमन प्राधिकरण. आधी वाहिनीकडे तक्रार, समाधान झालं नाही तर प्राधिकरणाकडे. ते दखल घेतंही. राजपूत गेल्यानंतर त्यांच्या नावावर खोटी ट्वीट्स दाखवल्याबद्दल ‘आज तक’ला माफी प्रसारित करायला आणि एक लाख रुपये दंड भरायला याच प्राधिकरणाने सांगितलं. मृत्यू १४ जून २०२० चा, हा आदेश ऑक्टोबरमधला. त्या मानाने महाराष्ट्र सायबर विभाग लवकर हलला. राजपूत यांच्या मृतदेहाची छायाचित्रं फिरू लागताच, ती पुढे पाठवणं कायद्याविरुद्ध आहे, असलेली काढून टाका, असं विभागाने लगेच जाहीर केलं. ही सूचना वाहिन्यांपेक्षा तुमच्या-माझ्या व्हॉट्सअॅप गटांसाठी होती.

कायद्याचा हात इतका हळू पोहोचतो, म्हणून कुणी बोलायचं हे आधी ठरवून ठेवण्याला मोल येतं. २०२२ च्या जानेवारीत लतादीदी ब्रीच कँडी रुग्णालयात होत्या, तेव्हा त्या गेल्याच्या अफवा रोज उठत होत्या. तेव्हा त्यांच्याच ट्विटर खात्यावरून डॉ. प्रतीत समदानी यांच्या नावाने प्रकृतीची माहिती दिली गेली आणि अस्वस्थ करणाऱ्या चर्चा थांबवण्याची विनंती केली गेली. डॉक्टर एक, खातं एक. त्यामुळे पत्रकाराला पडताळायला जागा मिळाली, आणि प्रभुकुंजवर फोन करून घरच्यांना त्रास देण्याचं कारण कमी झालं. अफवा पूर्ण थांबल्या नाहीत, पण खरी बातमी कुठे मिळेल हे सगळ्यांना कळलं. श्रीदेवीच्या वेळी पहिले दोन दिवस नेमकं हेच नव्हतं. एक नातेवाईक फोनवर काही सांगे, एक मित्र दुसरं, दुबईतलं वर्तमानपत्र तिसरं, आणि सगळं ‘कुटुंबाच्या जवळच्या सूत्रांनुसार’ या एकाच नावाखाली छापलं जाई.

त्यामुळे असं निवेदन लिहायची वेळ कुणावर आली, तर मजकुरापेक्षा आधी दोन कामं करावी लागतात. गेलेल्या माणसाच्या अधिकृत खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधायचं. आणि नात्यातल्या, ऑफिसातल्या, ड्रायव्हर-मदतनिसांपर्यंत सगळ्यांना सांगायचं, की फोन आला तर अमुक एका माणसाचा नंबर द्या, स्वतः काही बोलू नका. त्यानंतर निवेदन सात-आठ ओळींचं असलं तरी चालतं. आधी मृत्यूची वेळ आणि जागा, सांगण्यासारखं असेल तर कारण, ठरलं असेल तर अंत्यदर्शनाचं ठिकाण. ठरलं नसेल, तर कुणाच्या परवानगीची वाट पाहतोय ते. मग आभार. मग विनंती, जिथे कॅमेरा नको त्या जागेचं नाव घेऊन.